एप्सिलॉन वेगळ्या सेलमध्ये टाकला म्हणून गुण गेले: परीक्षकांना पुनर्मूल्यांकनाचं पत्र कसं लिहावं?

प्रश्न: ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात वाहतूक समस्येच्या १० गुणांच्या प्रश्नाला मला ३ गुण मिळाले. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली तर ‘ε चुकीच्या सेलमध्ये’ असा शेरा आणि पुढच्या सगळ्या तक्त्यांवर काट. मी ε ब-प या सेलमध्ये टाकला होता, वर्गात दाखवलेल्या उत्तरात तो क-प मध्ये आहे. किमान खर्च दोन्हीकडे ४१० च येतो. फक्त मी शेवटी ‘४१० + ६ε’ लिहून सोडलं. परीक्षकांना पुनर्मूल्यांकनासाठी पत्र लिहायचं आहे. काय लिहू, काय नको? गणित खाली देते.

| | प | र | स | पुरवठा |
|---|---|---|---|---|
| अ | ४ | ८ | ९ | २० |
| ब | ७ | ५ | ४ | ३० |
| क | ६ | ६ | ३ | ५० |
| मागणी | २० | ४० | ४० | १०० |

सुरुवातीचं वाटप वायव्य कोपरा पद्धतीने काढायचं होतं.

उत्तर: पत्राचा मसुदा खाली देतो, पण आधी कच्च्या कागदावर एक गोष्ट तपासून घ्या: तुमचा ε नियमात बसतो की नाही? अशी बरीच पत्रं माझ्यासमोर आली आहेत. त्यांतली निम्मी तरी ‘उत्तर बरोबर आलंय, मग गुण का नाहीत’ एवढ्यावरच थांबतात. परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही, कारण चुकीच्या ε वरूनही कधीकधी बरोबर खर्च हाती येतो. मुद्दा ε वैध होता का हा आहे, आणि तो चार ओळींत सिद्ध करता येतो.

वायव्य कोपऱ्यातून सुरुवात केली की अ-प मध्ये २० जातात. इथेच मेख आहे. अ चा पुरवठा आणि प ची मागणी दोन्ही एकाच फटक्यात संपतात. पुढे ब-र मध्ये ३०, क-र मध्ये १०, क-स मध्ये ४०. एकूण चार सेल भरले. ३ ओळी आणि ३ स्तंभ असताना m + n − १ म्हणजे ५ हवे होते. एक कमी पडला, म्हणून डीजनरसी. खर्च ८० + १५० + ६० + १२० = ४१०.

आता या चार सेलांकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. अ आणि प एकमेकांना जोडलेले आहेत, पण बाकी कुणाशी त्यांचा संबंध नाही. ब, क, र, स यांचा दुसरा गट आहे: ब र शी जोडलेला, र क शी, क स शी. म्हणजे नकाशात दोन बेटं आहेत आणि मध्ये पूल नाही. मोडी पद्धतीत (लिपीशी काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं) आपण एका ओळीचा u शून्य धरतो आणि भरलेल्या सेलांवरून उड्या मारत बाकीचे u आणि v काढतो. पूल नसेल तर पहिल्या बेटावर पोहोचताच येत नाही. ε चं काम हा पूल बांधणं एवढंच आहे. ज्या रिकाम्या सेलमुळे दोन्ही बेटं जोडली जातात तो सेल चालतो, जो एकाच बेटाच्या आत पडतो तो चालत नाही.

पूल होऊ शकतील असे सेल इथे चारच आहेत: अ-र, अ-स, ब-प आणि क-प. तुमचा ब-प त्यात आहे. पुस्तकी भाषेत सांगायचं तर ब-प मधून निघून भरलेल्या सेलांवर आडवं-उभं वळत परत ब-प ला येता येत नाही, म्हणजे लूप तयार होत नाही. म्हणून तो स्वतंत्र सेल आहे. तुमचा ε वैध आहे आणि पत्र लिहायला आधार आहे.

या गणितात एक सापळाही आहे, आणि प्रश्न काढणाऱ्याने तो मुद्दाम ठेवला असावा असं मला वाटतं. रिकाम्या सेलांत सगळ्यात स्वस्त ब-स आहे, खर्च ४. ‘ε सगळ्यात कमी खर्चाच्या रिकाम्या सेलमध्ये टाका’ एवढंच पाठ केलेला विद्यार्थी डोळे झाकून तिथे टाकतो. पण ब-स, ब-र, क-र, क-स हा बंद लूप आहे. ब चा u शून्य धरा: र चा v ५, क चा u १, आणि क-स वरून स चा v २ येतो. ब-स वरून मात्र तोच v ४ यायला हवा. एकाच v ला दोन किमती, आणि अ व प अजूनही अधांतरी. समीकरणं आपसांत भांडायला लागली की ओळखावं, ε आतल्या सेलमध्ये पडला आहे. तुम्ही ब-स मध्ये टाकला असता तर मी तुम्हाला अर्ज करू नका असं सांगितलं असतं.

आता परीक्षकाकडून नेमकं काय निसटलं असेल ते बघू. आदर्श उत्तरात ε क-प मध्ये आहे, कारण चार स्वतंत्र सेलांत त्याचा खर्च सगळ्यात कमी, ६. तुम्ही ७ खर्चाचा ब-प निवडला. वाटेल ते कारण असेल, बरेच जण नुसते डावीकडून वाचत येतात. त्या निवडीमुळे तुमच्या पहिल्या तपासणीत क-प च्या सेलला ऋण आकडा आला असणार. ब चा u ० धरला तर प चा v ७, र चा ५, अ चा u −३, क चा १ आणि स चा v २. मग क-प साठी ६ − (१ + ७) = −२. (तुमच्या वर्गात u + v − c असा उलटा फरक घेत असतील तर +२ दिसेल, अर्थ तोच. पत्रात कोणता फरक घेतला ते लिहा.)

पुढचा लूप क-प, ब-प, ब-र, क-र असा. वजा होणाऱ्या दोन सेलांत ε आणि १० आहेत, त्यातला लहान ε. म्हणजे क-प मध्ये ε येतो, ब-प रिकामा होतो, ब-र ३० + ε आणि क-र १० − ε होतो. व्यवहारात काहीच हललं नाही, खर्च ४१० चा ४१० च राहिला. इथे बरेच तपासणारे फसतात. पायरी केली पण खर्च उतरला नाही, तेव्हा पायरी चुकली असणार, असं त्यांना वाटतं. तक्ते घाईने बघताना मीही पूर्वी अशा पानावर काट मारली आहे, आणि नंतर माझ्या वरिष्ठांनी ती मला खोडायला लावली.

डीजनरसी असताना ऋण आकडा आला म्हणून वाटप महाग आहे असा अर्थ होत नाही. एवढाच अर्थ होतो की या पुलावरून बघितलं तर अजून खात्री पटत नाही, दुसरा पूल घेऊन बघा. सगळे फरक शून्य किंवा त्याहून मोठे आले तर वाटप किमान खर्चाचं आहे हे नक्की. त्याच्या उलट मात्र नेहमी खरं नसतं. तुमच्या पायरीने पूल ब-प वरून क-प वर सरकवला. मग प चा v ५ झाला, अ चा u −१, बाकीचे तेच. चार रिकाम्या सेलांचे फरक अ-र ४, अ-स ८, ब-प २, ब-स २. सगळे धन, काम संपलं. आदर्श उत्तरात जो तक्ता पहिला आहे तो तुमच्याकडे दुसरा आहे, एवढाच फरक.

‘सगळ्यात स्वस्त स्वतंत्र सेल’ ही सोय आहे, अट नाही. ती पाळली की पायऱ्या बहुधा वाचतात, पण तेही दर वेळी खरं ठरत नाही. याच गणितात ε ८ खर्चाच्या अ-र मध्ये टाकून बघा. अ चा u ३, प चा v १ येतो आणि रिकाम्या सेलांचे फरक अ-स ४, ब-प ६, क-प ४, ब-स २. म्हणजे तुमच्या सेलपेक्षा महाग सेल घेऊनही पहिल्याच तक्त्यात उत्तर मिळतं. अ-र ची निवड मी ओढूनताणून केलेली नाही. काही पुस्तकांत डीजनरसी आधीच टाळण्याची रीत असते: प्रत्येक पुरवठ्यात ε मिळवायचा आणि शेवटच्या मागणीत सगळ्यांचा मिळून ३ε. तसं करून वायव्य कोपरा चालवा, अ-प मध्ये २० गेल्यावर अ कडे उरलेला ε आपोआप अ-र मध्ये जातो. थोडे ढळलेले आकडे घेऊन डीजनरसी सोडवायची ही कल्पना चार्न्स यांनी १९५२ मध्ये रेषीय प्रोग्रॅमिंगसाठी मांडली. सांगायचा मुद्दा असा की दोन प्रमाण रीती ε दोन वेगळ्या सेलांत ठेवतात आणि दोन्ही बरोबर आहेत. तुमच्या पत्रात ही एक ओळ मोठ्या युक्तिवादापेक्षा जास्त काम करेल.

तुमची बाजू कुठे लंगडी आहे तेही बघा. ‘४१० + ६ε’ ही खरी चूक आहे. ε हे हिशेबापुरतं शून्याच्या जवळचं प्रमाण, शेवटी ते शून्य धरून ४१० लिहायचं असतं. शिवाय तो ६ आला कुठून ते पाहा. तुमच्या शेवटच्या तक्त्यात ब-र मध्ये ३० + ε आणि क-र मध्ये १० − ε असेल तर ε चा गुणक ६ + ५ − ६ म्हणजे ५ येतो. तुम्ही फक्त क-प चे ६ मिळवले. परीक्षकाला ते दिसणारच. म्हणून ही चूक पत्रात तुम्हीच आधी मान्य करा. मागणी जेवढी नेमकी, तेवढं तपासणाऱ्याला गुण बदलणं सोपं जातं. पूर्ण १० मागितले तर त्याला सगळं पान शंकेने वाचावं लागतं.

आणखी एक, प्रश्नपत्रिका पुन्हा काढून शब्द वाचा. प्रश्नातच ‘ε किमान खर्चाच्या स्वतंत्र सेलमध्ये ठेवून’ असं छापलं असेल तर सूचना न पाळल्याचा एखादा गुण जाणं रास्त आहे, आणि पत्रातलं ‘असं बंधन नाही’ हे वाक्य काढून टाका. तसं छापलेलं नसेल तर वर्गात काय सांगितलं होतं हा मुद्दा काढूच नका.

मसुदा असा:

प्रति,
मा. परीक्षक, ऑपरेशन्स रिसर्च
(परीक्षा विभागामार्फत)

विषय: प्रश्न क्र. ४ (वाहतूक समस्या) च्या पुनर्मूल्यांकनाबाबत
आसन क्रमांक: ________

महोदय/महोदया,

वरील प्रश्नाला मला १० पैकी ३ गुण मिळाले आहेत. छायाप्रतीत पान ७ वर ‘ε चुकीच्या सेलमध्ये’ असा शेरा आहे आणि त्यानंतरचे दोन तक्ते तपासणीतून वगळलेले दिसतात. या एकाच मुद्द्याचा आपण फेरविचार करावा अशी विनंती आहे.

१. सुरुवातीच्या वाटपात अ-प (२०), ब-र (३०), क-र (१०), क-स (४०) असे चार सेल भरले आहेत. पाच आवश्यक असल्याने मी ब-प मध्ये ε ठेवला. ब-प भरलेल्या सेलांसोबत बंद लूप तयार करत नाही, त्यामुळे तो स्वतंत्र आहे. त्या आधारे सर्व u आणि v एकेरी ठरतात: अ −३, ब ०, क १; प ७, र ५, स २.

२. c − (u + v) हा फरक क-प मध्ये −२ येतो. लूपमधला लहान आकडा ε असल्याने या पायरीत ε ब-प मधून क-प मध्ये सरकतो आणि खर्च ४१० च राहतो. डीजनरसी असताना अशी शून्य बदलाची पायरी येऊ शकते.

३. पुढच्या तक्त्यात (पान ८) सर्व फरक धन आहेत: अ-र ४, अ-स ८, ब-प २, ब-स २. किमान खर्च ४१०.

४. ε किमान खर्चाच्या स्वतंत्र सेलमध्येच ठेवावा असं बंधन प्रश्नात नाही. पुरवठ्यात ε मिळवण्याच्या रीतीने तो अ-र मध्ये येतो आणि त्यातूनही हेच वाटप मिळतं.

शेवटच्या ओळीत मी ‘४१० + ६ε’ असं लिहिलं आहे. तिथे ε शून्य धरून ४१० लिहायला हवं होतं, आणि ε चा गुणकही चुकला आहे. ही चूक मला मान्य आहे आणि तिच्यासाठीचे गुण मी मागत नाही. डीजनरसी दूर करणं आणि त्यानंतरची किमान खर्चाची तपासणी या टप्प्यांचे गुण आपण पुन्हा पाहावेत, एवढीच विनंती.

पान ६ ते ८ च्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विद्यार्थिनी,
(सही, दिनांक)

पान आणि प्रश्नाचे क्रमांक तुमच्या उत्तरपत्रिकेप्रमाणे बदला. u आणि v हे तुम्ही कागदावर मांडलेलेच लिहा. तुम्ही ब ऐवजी अ चा u शून्य धरला असेल तर सगळे आकडे ३ ने सरकतील (u तीनने वाढतील, v तीनने कमी होतील), फरक मात्र तेच राहतील. परीक्षक पत्र हातात घेऊन पानाशी ताडून बघतो. पत्रातला आकडा पानावर सापडला नाही तर बाकीचं कितीही बरोबर असलं तरी त्याचा विश्वास उडतो. आणि छायाप्रतीत काही लिहू नका, खुणाही करू नका.

पत्रात काय नको, तेही सांगतो. शेजारच्या मुलाला ७ मिळाले, माझे बाकी पेपर चांगले आहेत, या गुणांमुळे वर्ष जाईल, या वाक्यांवर परीक्षकाला काहीच करता येत नाही. ‘आपल्याकडून चूक झाली आहे’ हेही टाळा. वर ‘तपासणीतून वगळलेले दिसतात’ असं लिहिलंय ते त्यासाठीच. पत्र बहुधा मूळ परीक्षकाकडे न जाता दुसऱ्या कुणाकडे जातं, आणि त्या माणसाला सहकाऱ्यावर ठपका न ठेवता गुण वाढवायला वाट हवी असते.

अर्ज भरताना गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांची गल्लत करू नका. पडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेली पानं बघतात. तुमचे तक्ते काट मारून तपासलेले आहेत, त्यामुळे पडताळणीत ते ‘तपासलेले’ म्हणूनच मोजले जातील आणि हाती काही लागणार नाही. तुम्हाला पुनर्मूल्यांकनच मागावं लागेल. मुदत आणि गुण कमी होण्याची शक्यता याबद्दल तुमच्याकडचा नियम आधी वाचा. काही ठिकाणी नवे गुण जुन्यापेक्षा कमी आले तरी तेच धरतात.

किती गुण वाढतील? सध्याचे ३ हे बहुधा सुरुवातीच्या वाटपाचे आहेत. डीजनरसी ओळखणं, ε ठेवणं आणि दोन तपासण्या यांना एरवी चार-पाच गुण असतात, आणि शेवटच्या उत्तराचा एखादा तुमचा गेलेला आहे. मी तपासत असतो तर ८ दिले असते. ‘भरलेले सेल ४, हवेत ५’ ही ओळ तुम्ही कागदावर लिहिली आहे का ते तेवढं बघा. लिहिली नसेल, नुसताच ε टाकला असेल, तर पत्रातल्या पहिल्या मुद्द्यात ‘पाच आवश्यक असल्याने’ हे शब्द ठेवा पण ‘पान ७ वर नमूद केल्याप्रमाणे’ असं काही जोडू नका. तो गुण गेला असं धरून चाला.